पाळीआधी सात, पाळीनंतर सात

"लग्न झालेल्या सर्व मुलींसाठी महत्त्वाचे. पहिले मूल होईपर्यंत गोळ्या, तांबी, इंजेक्शन काहीही घेऊ नका. पिशवी खराब होते, नंतर मूल राहत नाही. पाळीआधीचे ७ आणि पाळीनंतरचे ७ दिवस सेफ असतात, तेवढे पाळा. चुकलंच तर ७२ तासांची गोळी आहे. साइड इफेक्ट शून्य. आपल्या बहिणींना नक्की पाठवा."

ऐरोलीतल्या माझ्या दवाखान्यात हा मेसेज शेवटचा पाहिला तो घणसोलीच्या एका जोडप्याच्या फोनवर. ती २४ वर्षांची, ठाण्यात नोकरीला. तो २७ चा, महापेला, एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी. लग्नाला चार महिने झाले होते. मूल हवंय, पण दोन वर्षांनी. मेसेज तिच्या माहेरच्या ग्रुपवर आला होता आणि दोघं तो अगदी मनापासून पाळत होते. पाळी नऊ दिवस लांबली, तेव्हा घाबरून आले.

आधी सात-सातचा हिशेब पाहू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. अंडं सुटतं ते पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी. मागच्या पाळीपासून चौदाव्या दिवशी नव्हे. फक्त ज्यांचं चक्र बरोबर २८ दिवसांचं असतं, त्यांच्यात हे दोन्ही दिवस एकच येतात. सुटलेलं अंडं जेमतेम एक दिवस टिकतं, पण पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणून धोक्याचे दिवस अंडं सुटण्याच्या पाच दिवस आधीच सुरू होतात.

तिच्या फोनमध्ये लग्नाआधीपासूनच्या पाळीच्या तारखा होत्या. आठ चक्रं मोजली: २६, २९, ३१, २८, ३३, २७, ३०, २८ दिवस. "माझी पाळी एकदम रेग्युलर आहे," असं ती म्हणाली होती आणि ते खरंच आहे, एवढा फरक निरोगी बाईतही पडतो. आता २६ दिवसांचं चक्र घ्या. अंडं बाराव्या दिवसाच्या आसपास सुटणार, म्हणजे सातव्या दिवसापासून धोका. तिचा रक्तस्राव पाच दिवस चालतो. 'पाळीनंतरचे सात दिवस' म्हणजे सहावा ते बारावा. मेसेज ज्या दिवसांना सुरक्षित म्हणतो, त्यातले सहा दिवस गर्भ राहण्याचे नेमके दिवस निघाले.

आणि 'पाळीआधीचे सात'? ते दिवस बहुतेक वेळा खरंच सुरक्षित असतात. अडचण एवढीच, की ते कुठले होते हे पाळी आल्यावर कळतं. पुढची पाळी २६ व्या दिवशी येणार की ३३ व्या, हे आधी सांगणारं कोणी नाही.

दिनदर्शिकेची खरी पद्धत आहे, आणि ज्यांना औषध नकोच आहे त्यांना मी ती शिकवतेही. निदान सहा चक्रं लिहून ठेवायची. सगळ्यात लहान चक्रातून १८ वजा करायचे आणि सगळ्यात मोठ्यातून ११. हिच्या बाबतीत २६ वजा १८ म्हणजे ८, आणि ३३ वजा ११ म्हणजे २२. आठव्या दिवसापासून बाविसाव्यापर्यंत एक तर संबंध नाही, नाही तर निरोध. पंधरा दिवस झाले. नवरा म्हणाला, "मॅडम, त्यात माझी रात्रपाळी धरली तर उरतं काय?" तिघंही हसलो, पण प्रश्न रास्त होता.

७२ तासांची गोळी तिने त्या एका महिन्यात दोनदा घेतली होती. ही गोळी अंडं सुटणं पुढे ढकलते. अंडं आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. जितकी लवकर घ्याल तितकं बरं, आणि दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट वेगळीच आहे. अंडं पुढे ढकललं गेलं, म्हणजे ते नंतर केव्हातरी सुटणार. त्याच महिन्यात पुन्हा निरोधाशिवाय संबंध आला तर आधीच्या गोळीचं संरक्षण नाही. आणि पाळी मागेपुढे झाली की तारखांचा हिशेब कोलमडतो. मेसेजचा पहिला उपाय तारखांवर उभा आहे आणि दुसरा उपाय त्या तारखाच हलवतो. लिहिणाऱ्याने हे दोन्ही एकाच दमात कसे सुचवले, मला कळत नाही.

तिची पाळी लांबण्याचं कारण बहुधा तेच होतं. शेवटच्या संबंधाला तीन आठवडे होऊन गेले होते, त्यामुळे लघवीच्या तपासणीचं 'निगेटिव्ह' विश्वासाचं होतं. गोळी वाईट नाही. निरोध फाटला, दोन दिवस रोजच्या गोळ्या विसरल्या, जबरदस्ती झाली, अशा वेळी घ्यायलाच हवी. पण दर महिन्याच्या कामाची ती नव्हे.

आता पिशवी खराब होण्याचं. ही भीती हवेतून आलेली नाही, म्हणून तिला हसून चालत नाही. १९६५ मध्ये सरकारी कार्यक्रमात 'लूप' आली, तांबीसारखीच पिशवीत बसवायची, पण प्लास्टिकची. ती मोठ्या प्रमाणावर बसवली गेली, पण आधीची तपासणी आणि नंतरची देखभाल तोकडी पडली. कित्येकींच्या अंगावरून जायला लागलं आणि त्यांना विचारायला कोणी आलं नाही. या नवऱ्याच्या आजीने ती बसवून घेतली होती. तिची गोष्ट घरात साठ वर्षं सांगितली जातेय. पुढे अमेरिकेत १९७०च्या दशकात 'डाल्कन शील्ड' नावाचं साधन निघालं. त्याचा दोरा अनेक धाग्यांचा होता आणि जंतू त्यातून वर चढायचे. त्याने गंभीर संसर्ग झाले, ते बंद झालं, पण बदनामी सगळ्याच तांब्यांच्या वाट्याला आली.

आजच्या तांबीचा दोरा एकधागी असतो. संसर्गाचा धोका मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत असतो, आणि तोही आधीच संसर्ग असलेल्या बाईत जास्त. म्हणून बसवण्याआधी आतून तपासून घ्यायचं. घाण वासाचं पाणी जात असेल, ओटीपोट दुखत असेल, तर आधी उपचार. मूल न झालेल्या बाईला तांबी चालते, हे जागतिक आरोग्य संघटनेचे निकषही सांगतात. काढल्यावर गर्भ लगेच राहू शकतो. गोळ्या थांबवल्यावर एक-दोन महिने इकडे-तिकडे. गर्भनलिका बंद होतात त्या बहुतेक वेळा उपचार न झालेल्या संसर्गामुळे, आपल्याकडे जननेंद्रियांच्या क्षयामुळेही. बाई दोन वर्षं गोळ्या घेते, थांबवते, मूल राहत नाही, तेव्हा तपासणीत ते सापडतं आणि दोष गोळ्यांवर जातो. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी तर कित्येक घरांत सगळ्यात शेवटी होते.

इंजेक्शनच्या बाबतीत मेसेजमध्ये अर्धा दाणा सत्याचा आहे. 'अंतरा' दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. पिशवी खराब होत नाही, पण शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भ राहायला सरासरी सात ते दहा महिने लागतात. दोन वर्षांनी मूल हवं असेल, तर उलटं मोजून ते बरंच आधी थांबवावं लागतं. हे आधी सांगितलं नाही, तर पुढे ती बाई इंजेक्शनला शिव्या घालणारच, आणि चूक सांगणाऱ्याची असेल.

शून्य साइड इफेक्ट म्हणाल, तर निरोध त्याच्या सगळ्यात जवळ जातो, आणि लैंगिक आजारांपासून वाचवणारं साधनही तेवढंच. पण शंभर जोडपी वर्षभर जशी माणसं वापरतात तशी वापरतील, तर निरोधावर साधारण १३ जणींना दिवस जातात. गोळ्यांवर ७, इंजेक्शनवर ४, तांबीवर एकीपेक्षा कमी. काहीच न वापरता ८५. हे अंदाज अमेरिकेतले आहेत, पण साधनांचा क्रम इथेही तोच. गोळ्यांचे सात हे औषधाचं अपयश कमी आणि विसरण्याचं जास्त. नेमाने घेतल्या तर एकीलाही क्वचित.

तांबीने पहिले तीन ते सहा महिने रक्तस्राव आणि कळा वाढतात, आणि काहींची तांबी आपोआप निघून येते. अंतराने पाळी अनियमित होते किंवा बंदच होते. गोळ्यांनी सुरुवातीला मळमळ, मधेच डाग. रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळ्यांनी वाढतो, पण गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो त्याहून जास्त असतो. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, आधी गुठळी झालेली असेल, तर या गोळ्या नकोतच. क्षयाच्या रिफाम्पिसिनने त्यांचा असर कमी होतो.

मग यांनी काय घ्यायचं? इथे मला माझीच जीभ आवरावी लागते. मला तांबी आवडते, एकदा बसवली की विसरायची. पण हिचं हिमोग्लोबिन ९.४ होतं आणि पाळीत जास्त जात होतं. तांबीला याने पूर्ण मनाई होत नाही, पण जाणं वाढू शकतं हे तिला कळायला हवं. मी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. तो म्हणाला, निरोध मी वापरीन. ती म्हणाली, "ते 'उद्या आणतो' म्हणतात." घरात सासूबाई, एकच खोली आणि एकच कपाट. गोळ्या दिसल्या तर चालेल का, हे विचारल्याशिवाय गोळ्या लिहून देण्यात अर्थ नव्हता. पाकीट ऑफिसच्या पर्समध्ये राहील, असं तिनेच सुचवलं. तिचा रक्तदाब ११२/७० होता, अर्धशिशी नव्हती. आठवड्याच्या 'छाया' गोळीचंही सांगितलं: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा, त्यात संप्रेरक नाही, पण पाळी लांबू शकते. पाळी लांबण्याची धास्ती तिने नुकतीच अनुभवली होती. तिने लगेच नको म्हटलं.

तिने माला-एन निवडली, नागरी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करायची, रोज एकाच वेळी. तिने रात्री नऊचा गजर लावला. एखादी विसरली तर आठवेल तेव्हा घ्यायची. दोन किंवा जास्त विसरल्या तर आठवल्याबरोबर एक घेऊन पुढे चालू ठेवायचं आणि सात दिवस निरोध. छातीत दुखलं, एकाच पायाची पोटरी सुजली, असह्य डोकेदुखी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना.

तीन महिन्यांनी ती रिकामी पाकिटं घेऊन आली. पहिल्या महिन्यात मधेच डाग पडले होते, नंतर थांबले. पण दुसऱ्या पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या तशाच होत्या.

"त्यात औषध नसतं ना मॅडम? यूट्यूबवर सांगितलं."

गर्भ रोखणारं औषध नसतं, लोह असतं, आणि ९.४ वाल्या बाईला ते हवंच आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या गोळ्या मोजणी तुटू देत नाहीत. तिने त्या सोडल्या, पाळी पूर्ण संपायची वाट पाहिली आणि नवं पाकीट सातव्याऐवजी दहाव्या दिवसानंतर उघडलं. अंडाशय जागं व्हायला एवढी मोकळीक पुरू शकते. गोळ्या फसतात त्या बहुतेक इथेच, मधल्या एका चुकलेल्या गोळीने नव्हे. मी पुन्हा तपासणी करून घेतली, निगेटिव्ह आली. मग नवऱ्याला आत बोलावलं आणि नव्या पाकिटाच्या मागे दोघांना तारीख लिहायला लावली: शेवटची गोळी रविवारी, पुढचं पाकीट सोमवारी, पाळी चालू असली तरी.