कॅलेंडर भरलेलं असलं म्हणजे घर कमावतं असं नाही

"सुट्टीसाठी घर भाड्याने देताय? मग किमान मुक्काम एकच रात्र ठेवा. रिकामी गेलेली प्रत्येक रात्र म्हणजे बुडालेला पैसा, म्हणून दर उतरवा पण कॅलेंडर भरा. आणि दोन पाहुण्यांमध्ये एकही दिवस मोकळा सोडू नका."

हा सल्ला घरमालकांच्या गटांत पुन्हा पुन्हा फिरतो आणि नवे मालक तो जसाच्या तसा उचलतात. त्यात तीन वेगवेगळे दावे आहेत. पहिले दोन नुकसान करतात. तिसरा बराचसा बरोबर आहे, पण एका अटीवर.

आधी दराचं बघू, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे. घर देण्याचा खर्च दोन प्रकारचा असतो. वीज, पाणी, चहा-साबण हा रात्रीगणिक वाढतो. साफसफाई, चादरी-टॉवेलांची धुलाई, किल्ली देणं-घेणं हा खर्च मात्र बुकिंगगणिक होतो. पाहुणा एक रात्र राहो की पाच, हा खर्च एकदाच येतो. वरच्या सल्ल्यात हा दुसरा खर्च धरलेलाच नाही.

आकडे घेऊन पाहू. साध्या रात्रीचा दर १००० धरा, शुक्रवार आणि शनिवारच्या रात्रीचा १५००. एका पाहुण्यानंतरची साफसफाई आणि धुलाई ६००. एका मालकाने दर २० टक्के उतरवून सातही रात्री भरल्या, चार बुकिंगमध्ये: तीन दोन-दोन रात्रींची आणि एक एका रात्रीचं. भाडं आलं ६४००, साफसफाईत गेले २४००, उरले ४०००. दुसऱ्याने दर तसाच ठेवला. त्याला शुक्रवार-शनिवारचं एक आणि सोमवार ते बुधवार तीन रात्रींचं एक, अशी दोनच बुकिंग मिळाली. भाडं ६०००, साफसफाई १२००, उरले ४८००. दोन रात्री रिकाम्या जाऊनही त्याच्या हातात जास्त पडले, शिवाय गाद्या, भांडी आणि माणसं कमी झिजली. पहिल्याने सातही बुकिंग एकेका रात्रीची घेतली असती तर फक्त २२०० उरले असते.

हेही मान्य करायला हवं की त्याच चार बुकिंगना पूर्ण दर मिळाला असता, तर ५६०० उरले असते. म्हणजे घर भरण्यात वाईट काही नाही. नुकसान होतं ते दर पाडून, छोट्या तुकड्यांनी भरण्यात.

म्हणून प्रत्येक मालकाने दराचा तळ, म्हणजे ज्याच्या खाली उतरायचं नाही तो दर, काढून ठेवावा. एका सुट्या रात्रीसाठी ८०० घेतले, त्यातून बुकिंगच्या संकेतस्थळाचं १५ टक्के कमिशन म्हणजे १२० गेले, साफसफाईचे ६०० गेले, वीज आणि वापराच्या वस्तूंचे १०० धरले, तर २० चा तोटा होतो. त्याच दराने दोन रात्री सलग गेल्या तर ५६० उरतात. शेवटच्या क्षणी सवलत द्यायचीच असेल तर एकट्या रात्रीला वेगळा तळ आणि दोन रात्रींना वेगळा. साफसफाईची फी वेगळी लावली तर हे काम काही प्रमाणात आपोआप होतं: १००० च्या दरावर ६०० ची फी एका रात्रीच्या पाहुण्याला १६०० ला पडते, चार रात्रींच्या पाहुण्याला रात्रीमागे ११५० ला. बऱ्याच संकेतस्थळांवर आता शोधतानाच फी धरून एकूण रक्कम दिसते, त्यामुळे पाहुणाही हा हिशोब करूनच येतो.

आता किमान मुक्कामाकडे. एका रात्रीची मुभा धोक्याची आहे ती मुख्यतः लांबच्या तारखांसाठी. दोन महिने आधी कुणी फक्त शनिवारची रात्र घेतली, की शुक्रवार एकटा पडतो. सुट्टीला येणाऱ्यांना दोन्ही रात्री हव्या असतात, त्यांना तुमचं घर शोधात दिसतच नाही. एका १५०० च्या बुकिंगने ३००० चं बुकिंग अडवलं.

उपाय म्हणून वर्षभर सरसकट तीन रात्रींचा नियम लावणं हीही चूकच. किमान मुक्काम तारीख जवळ येईल तसा खाली यायला हवा. लांबच्या तारखांना तीन रात्री, तीन आठवडे उरले की दोन, आणि शेवटच्या दिवसांत जेवढी फट तेवढा मुक्काम. गुरुवारी सकाळी एक पाहुणा निघतोय आणि शनिवारी दुसरा येतोय, तर मधल्या दोन रात्री तीनच्या नियमाखाली कुणालाच घेता येत नाहीत. कॅलेंडर मोकळं दिसतं, पण ते बंद असतं. अशा फटी आठवड्यातून एकदा शोधाव्यात आणि तेवढ्याच तारखांना किमान मुक्काम दोनवर आणावा. चौकशी अचानक थांबली आणि कॅलेंडरमध्ये एक-दोन रात्रींचे तुकडे दिसत असतील, तर पहिला संशय या नियमावर घ्यावा.

इथे एक खाच आहे, ती फार जणांना ठाऊक नसते. बहुतेक ठिकाणी किमान मुक्कामाचा नियम येण्याच्या दिवसाला लागतो. शुक्रवारी येणाऱ्याला दोन रात्रींची अट घातली आणि शनिवार एकवर राहिला, तर शनिवारी येऊन एका रात्रीत जाणारा पाहुणा बिनदिक्कत बुकिंग करतो. गुरुवारी येऊन शनिवारी सकाळी जाणाराही चालतो, आणि शनिवार एकटा उरतो. हॉटेलांच्या व्यवस्थेत यासाठी दुसरा प्रकार असतो: ती रात्र मुक्कामात कुठेही आली तरी अट लागू. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो नसेल, तर शनिवारी येणाऱ्यांनाही दोनची अट घाला आणि गुरुवारी येणाऱ्यांना तीनची. तारीख जवळ आली की दोन्ही सैल करा.

राहिली पाहुण्यांमधली मोकळी रात्र. सरासरी मुक्काम दोन रात्रींचा असेल आणि प्रत्येक पाहुण्यानंतर एक रात्र बंद ठेवली, तर तीस रात्रींतून जास्तीत जास्त वीस विकता येतात. एक तृतीयांश धंदा आपणच बंद केला. मुक्काम पाच रात्रींचा असेल तर पंचवीस विकता येतात, तिथे हे परवडू शकतं. पण मुळात साफसफाईला रात्र लागत नाही, तास लागतात. अकराला घर सोडायचं आणि तीनला पुढच्याने यायचं, मध्ये चार तास मिळतात. दोन खोल्यांचं घर दोन माणसं तेवढ्यात नीट आवरतात, पण धुलाई त्या चार तासांत बसवायची नाही ही अट. प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन संच हवेत: एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. ओलसर टॉवेल, चारच्या पुढे जाणारा चेक-इन, दारात बॅगा घेऊन थांबलेले पाहुणे हे बहुतेक वेळा संच कमी असल्याचं लक्षण असतं, आणि त्यावर लोक घाईने मोकळ्या रात्रीचा नियम लावतात.

रात्र बंद ठेवणं योग्य ठरतं ते मोठ्या घरात, महिनाभराच्या मुक्कामानंतर, किंवा साफसफाई करणारी माणसं लांबून येत असतील तेव्हा. ती आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेत असतील, तर रात्र बंद करू नका. त्या दिवशी कुणाला येता येणार नाही आणि कुणाला निघता येणार नाही, एवढंच कॅलेंडरमध्ये लावा. आधीपासून राहणारा पाहुणा त्या रात्री राहू शकतो आणि रात्रीचं भाडंही मिळतं.

घर दोन-तीन संकेतस्थळांवर असेल आणि कॅलेंडर आयकॅलच्या, म्हणजे भरलेल्या तारखा एकमेकांना कळवणाऱ्या दुव्याने जोडलेली असतील, तर त्याच दिवशीचं बुकिंग बंद ठेवा. हे दुवे ठरावीक वेळाने ताजे होतात, लगेच नाही. मधल्या वेळात तीच रात्र दोघांना विकली जाऊ शकते. किमान एका दिवसाची आगाऊ सूचना ठेवली तर ती चूक पाहुणा दारात येण्याआधी तुमच्या लक्षात येते आणि त्याची दुसरी सोय करायला वेळ उरतो.