रिफंड मंजूर झाला, मग हप्ता कसला कापता?

कर्जावर घेतलेला कोर्स रद्द केला की कोर्सवाल्यांचा मेल येतो, ‘आपला रिफंड मंजूर झाला आहे.’ आणि पुढच्या पाच तारखेला खात्यातून हप्ता जातोच! फोन केला की कोर्सवाले म्हणतात, ‘कर्ज कंपनीशी बोला.’ कर्ज कंपनी म्हणते, ‘आमच्याकडे पैसे आलेलेच नाहीत.’ दर वेळी हेच. संताप येतो नुसता!

अहो, कर्जाचे पैसे माझ्या हातात कधी आलेच नव्हते. ते थेट कोर्सवाल्यांकडे गेले. मग परतही त्यांनीच करायचे ना? पण मंजुरीचा मेल म्हणजे पैसे भरले असं नाही. कर्ज कंपनीला रक्कम पोचेपर्यंत कर्ज माझ्याच नावावर. वैतागून बँकेत ऑटो डेबिट बंद करावं, तर हप्ता थकतो, दंड लागतो आणि डाग माझ्या क्रेडिट रिपोर्टवर.

त्यातून ‘बिनव्याजी’ हप्त्यांची गंमत वेगळीच. बऱ्याचदा व्याज आधीच कापून कोर्सवाल्यांना कमी रक्कम मिळालेली असते. त्यांनी तेवढीच परत केली की वरचा फरक माझ्या खात्यावर थकबाकी म्हणून उभा राहतो. तो का भरायचा मी?

आता मंजुरीबिंजुरी ऐकूनच घेत नाही. कर्ज कंपनीला पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक द्या, म्हणते. तो कर्ज कंपनीला मेल करायचा आणि कर्ज बंद झाल्याचं, बाकी शून्य असल्याचं पत्र मागायचं. तोवर कापलेले हप्ते कोण, कधी परत करणार, तेही लेखी द्या!