डॉमिनिक्सचा नफा घटला, मग डीमार्टला नफा कसा?

"मॅडम, शिकागोच्या डॉमिनिक्स या सुपरमार्केट साखळीचा दाखला देऊन तुम्ही नोट्समध्ये ईडीएलपीने, म्हणजे रोजचाच भाव कमी ठेवल्याने, नफा घटतो असं लिहिलंय. मग वॉलमार्ट आणि डीमार्ट काय धर्मादाय चालवतात का? परीक्षेत हे लिहिलं तर मार्क जातील. आणि हाय-लो म्हणजे आधी भाव चढवायचा, मग सूट दाखवायची, एवढंच ना?"

चूक माझी आहेच, पण निकालात नाही. प्रयोगात नेमकं काय बदललं होतं, ते सांगायचं राहिलं.

1994 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात डॉमिनिक्सच्या 86 दुकानांत काही मालप्रकारांचे रोजचे भाव बदलले होते. जिथे भाव 10 टक्के उतरवले तिथे खप जेमतेम 3 टक्के वाढला आणि नफा 18 टक्के घटला. जिथे 10 टक्के चढवले तिथे खप 3 टक्के पडला, पण नफा 15 टक्के वाढला. म्हणजे बदलला तो भाव. साखळी तीच होती आणि तिची खर्चाची घडीही तीच. 25 टक्के मार्जिनच्या मालावर 10 टक्के भाव उतरवलात तर शंभरामागचे 25 रुपये 15 वर येतात. तेवढाच नफा टिकवायला खप 67 टक्के वाढायला हवा. तीन टक्क्यांनी काय होणार?

आता हाय-लोचं, म्हणजे एरवी चढा भाव आणि अधूनमधून सूट, याचं गणित बघा. आकडे मी सोयीसाठी घेतलेत. कपड्यांच्या पावडरीचं एक पाकीट 200 ला विकायचं, खरेदी 160. आठवड्याला 100 पाकिटं जातात, म्हणजे चार आठवड्यांत नफा 16,000. यातल्या एका आठवड्यात भाव 176 केला आणि कंपनीने पाकिटामागे 14 रुपये स्कीमचे दिले. त्या आठवड्यात 300 पाकिटं गेली. पुढचे तीन आठवडे 70, 80, 90, कारण लोकांनी पावडर घरात भरून ठेवलेली असते. सूटवाल्या आठवड्यात 200 पाकिटं जास्त गेल्याचं रिपोर्टमध्ये दिसतं, पण महिन्याचा हिशेब 540, म्हणजे खरी वाढ 140. बाकीची 60 पुढच्याच आठवड्यांतून उचललेली. नुसत्या सूटच्या आठवड्यावर उत्तर लिहिलंत, तर मार्क तिथे जातील.

नफा: 300 वर 30 रुपयांनी 9,000, उरलेल्या 240 वर 40 रुपयांनी 9,600. एकूण 18,600. स्कीमचे 14 रुपये काढून टाका, तर आकडा 14,400 वर येतो, म्हणजे सूट न दिलेली बरी. त्यामुळे हाय-लोमध्ये पहिला प्रश्न, सूट कोणाच्या खिशातून?

या हाय-लोत सरासरी भाव साधारण 187 पडला. तोच भाव रोज ठेवला आणि खरेदी 160 च राहिली, तर 18,600 साठी महिन्याला 689 पाकिटं विकावी लागतील. डॉमिनिक्समध्ये घडलं ते साधारण असंच. पण कंपनीने स्कीमऐवजी खरेदीचाच भाव कायमचा 152 केला, तर 532 पाकिटांत काम भागतं. शिवाय मागणी सपाट राहते, म्हणून गोदामात कमी माल लागतो, पत्रकं छापावी लागत नाहीत, भावाच्या पट्ट्याही दर आठवड्याला बदलाव्या लागत नाहीत. डीमार्टची बहुतेक दुकानं स्वतःच्या जागेत आहेत आणि पुरवठादाराला पैसे लवकर देऊन ते भाव कमी करून घेतात. स्वस्त भाव तिथे शेवटी येतो, आधी खर्च उतरतो.

पट्ट्यांचं सांगते. मी एका साखळीच्या दुकानात होते तेव्हा बुधवारी रात्री ऑफर संपायची आणि दोघंजण बारापर्यंत शेल्फवरच्या पट्ट्या बदलत. एक जरी राहिली की सकाळी काउंटरवर गिऱ्हाईक मोबाइलमधला फोटो दाखवत उभं! आम्ही जुन्या भावाने द्यायचो. फरक आमच्याच माथी, कारण कंपनीची स्कीम आदल्या रात्रीच संपलेली. हाय-लोच्या 18,600 मधून हे सगळं वजा व्हायचं बाकी आहे.

भाव चढवण्याबद्दल: आपल्याकडे पाकीटबंद मालावर एमआरपी छापलेली असते, तिच्यावर जाता येत नाही. म्हणून इथला 'हाय' बहुधा एमआरपीच असतो. सुट्ट्या डाळीला किंवा कांद्याला ती मर्यादा नाही, तिथे तुमचा संशय खरा ठरू शकतो.

मूळ नोट्समधलं वाक्य आता असं केलंय: "खरेदी आणि चालवण्याचा खर्च न उतरवता रोजचा भाव उतरवला, तर नफा घटतो."