फ्लोराइड खाली, अमोनिया वर: एका प्रतिक्रियेला उत्तर

«सर, लिगँड जितका जोरात इलेक्ट्रॉन देतो तितका Δo मोठा, असं तुम्ही लिहिलंत. मग F⁻ वर ऋणभार असूनही तो Δo च्या चढत्या क्रमात NH₃ च्या खाली का? आणि CN⁻ इतका वर कसा? ‘पाय बाँडिंगमुळे’ एवढंच उत्तर असेल तर ते मागाहून लावलेलं ठिगळ वाटतं.» — एमएस्सीची विद्यार्थिनी, माटुंगा

चूक मान्य. माझं ते वाक्य फक्त सिग्मापुरतं खरं होतं आणि तसं लिहायचं राहिलं. ठिगळाचा आरोप मात्र मान्य नाही. Δo म्हणजे धातूभोवती सहा लिगँड जोडले गेल्यावर त्याच्या d ऑर्बिटलांच्या होणाऱ्या eg आणि t2g या दोन पातळ्यांमधलं अंतर. सिग्मा बंध त्यातली वरची पातळी हलवतो, पाय बंध खालची. दोन्हींचा हिशेब पहिल्यापासूनच मांडावा लागतो.

आधी सिग्मा. eg मधलं dz² घ्या. z अक्षावरचे दोन लिगँड त्याच्या थेट समोर येतात. प्रत्येकामुळे ते eσ इतकं वर ढकललं जातं. xy प्रतलातले चार लिगँड त्याच्या कमरेच्या कड्याशी भिडतात, त्यांचा वाटा प्रत्येकी पावच. एकूण 3eσ. dx²–y² चा हिशेबही तेवढाच येतो. t2g ऑर्बिटलांच्या पाकळ्या अक्षांच्या मधोमध असल्याने सिग्मा बंधात त्यांचा सहभाग शून्य.

आता पाय. dxy च्या आजूबाजूला त्याच प्रतलात चार लिगँड आहेत, आणि प्रत्येकाचं एक p ऑर्बिटल त्याला बाजूने भिडू शकतं. म्हणून t2g चं सरकणं 4eπ. यावरून Δo = 3eσ − 4eπ.

F⁻ ची p ऑर्बिटलं भरलेली आणि धातूच्या d पेक्षा खाली असतात. त्यांच्या सहा इलेक्ट्रॉनांनी खालचं बाँडिंग t2g भरतं. धातूच्या इलेक्ट्रॉनांना वरचं, अँटीबाँडिंग t2g उरतं. इथेच आकृतीत गफलत होते: Δo खालच्या t2g पासून मोजला जातो, म्हणजे उलट तो वाढल्यासारखा दिसतो. मोजायचा तो वरच्या t2g पासून. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून चाळीतल्या तळमजल्याच्या खोलीत भरणी टाकून लादी उचलतात, तेव्हा छत जागच्या जागी राहूनही उंची कमी होते, तसंच हे.

Cr³⁺ साठी प्रचलित आकडे, cm⁻¹ मध्ये: NH₃ चा eσ 7180, आणि मोकळी लोन पेअर उरत नसल्याने eπ शून्य. Δo 21,540. F⁻ चा eσ 7390, eπ 1690. म्हणजे 22,170 − 6,760 = 15,410. सिग्मा दाता म्हणून F⁻ अमोनियापेक्षा कमी नाहीच, तुमची शंका तिथवर बरोबर आहे. पण सिग्मामुळे मिळाले 630 आणि पायमुळे गेले 6,760.

CN⁻ चा eσ 7530, पण eπ उणे 930. त्याची π* ऑर्बिटलं रिकामी आणि धातूच्या t2g पेक्षा वर असतात, त्यामुळे t2g बाँडिंग होऊन खाली जातं. Δo 26,310. अमोनियापेक्षा 4,770 जास्त, त्यातले 1,050 सिग्माचे आणि 3,720 पायचे. म्हणून CN⁻ ला नुसता ‘जोरदार दाता’ म्हणणं मला पटत नाही.

हे आकडे वेगवेगळ्या, बहुतेक मिश्र लिगँडांच्या संयुगांच्या वर्णपटांतून काढलेले आहेत. 7180 आणि 7390 मधल्या फरकावर फार भिस्त ठेवू नका. पाण्याच्या बाबतीत तर ते सरळ फसतात: eσ 7550 आणि eπ 1850 घातले तर 15,250 येतात, मोजमाप सांगतं सुमारे 17,400. पाण्याची एकच लोन पेअर पाय बंधाला मोकळी असते, F⁻ च्या दोन असतात. सूत्र मात्र दोन्ही बाजू सारख्याच धरतं.

पडताळा घ्यायचा तर Cr³⁺ च बरा. d³ मध्ये सर्वांत कमी ऊर्जेचा स्पिन-अनुमत पट्टा थेट Δo देतो. [Cr(NH₃)₆]³⁺ चा तो 465 nm जवळ, म्हणून द्रावण पिवळं. [CrF₆]³⁻ चा 670 nm च्या आसपास, म्हणून रंग हिरवा. 10⁷ ला nm ने भागलं की cm⁻¹. दुसरा, जास्त ऊर्जेचा पट्टा Δo समजून घेऊ नका. Co³⁺ वर हाच सोपा हिशेब लावू नका: [Co(NH₃)₆]³⁺ चा पहिला पट्टा 475 nm ला, म्हणजे सुमारे 21,050 ला येतो, पण Δo जवळपास 22,900 आहे. इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण त्यातून वजा झालेलं असतं.

आणि अमोनियाचं द्रावण ताजं करून लगेच मोजा. खिडकीपाशी उन्हात ठेवलं तर एक NH₃ जाऊन पाणी आत येतं, पट्टा 480 nm कडे सरकतो आणि पिवळा रंग नारिंगीकडे झुकतो.