कॉन्ट्रॅक्टरला ताकीद द्यायची, पण शिवी न देता

बाथरूमच्या कामावरून मावसभाऊ त्याच्या कॉन्ट्रॅक्टरवर भयंकर चिडला होता. मेसेज पाठवण्याआधी मला दाखवला, हे बरं झालं. "तुमच्या माणसांना काम येत नाही, तुम्ही फसवलंत. दोन दिवसांत नीट करा, नाहीतर बघून घेईन."

राग रास्तच होता. नाण्याने ठोकून पाहिलं तर दाराजवळच्या सहा टाइल्स पोकळ वाजत होत्या, म्हणजे खाली माल नीट भरलेला नव्हता. ढाळ उलटा, त्यामुळे पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचायचं. पण मेसेजमध्ये यातलं काहीच नव्हतं. 'फसवलंत' म्हटलं की समोरचा माणूस टाइल्सवर बोलतच नाही, आपल्या इभ्रतीवर बोलतो. आणि काम तर त्याच्याकडूनच करून घ्यायचंय.

मग आम्ही असं लिहिलं:

"नमस्कार. भिंतीचं काम चांगलं झालंय. फरशीत मात्र दोन दोष आहेत, फोटो सोबत पाठवतोय. दाराजवळच्या सहा टाइल्स पोकळ वाजतात आणि उजव्या कोपऱ्यात पाणी साचतं. हे असं स्वीकारता येणार नाही. सोमवारी 9 तारखेला काम सुरू करून शनिवारी 21 तारखेला संध्याकाळी 6 पर्यंत पूर्ण करा. त्या वेळी दोघांनी मिळून पाणी ओतून बघू. शेवटचा हप्ता, ठरल्याप्रमाणे, त्यानंतर. तारखेत अडचण असेल तर उद्यापर्यंत कळवा."

भिंतीचं कौतुक खरं होतं म्हणूनच ठेवलं. खोटं कौतुक त्याला लगेच कळलं असतं.

भावाला तारीख फार लांबची वाटली. पण टाइल्स उखडताना खालच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लागू शकतो. ते दुरुस्त करून वाळू द्यायचं, 48 तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहायचं. मग ढाळाचा थर, तोही सुकायला हवा. टाइल्स बसवल्यावर ग्राउट भरायच्या आधी साधारण एक दिवस थांबावं लागतं. दोन दिवसांची मुदत दिली असती तर मिस्त्रीने फटींत ग्राउट चोपडून वेळ मारून नेली असती. अशक्य मुदत कडक वाटते, पण ती चुकवायला सगळ्यात सोपी.

उलट टोकही वाईटच. "जमलं तर जरा लवकर बघा" लिहिलं की आपण मोकळीक देऊनच बसतो. मला विचाराल तर सौम्यपणा माणसाबद्दलच्या शब्दांत असावा. दोष, तारीख आणि हप्ता या तिन्हींना हात लावायचा नाही.

सुरुवातीची तारीख वेगळी लिहिणंही मला फार महत्त्वाचं वाटतं. 9 तारखेला कोणी फिरकलंच नाही, तर 21 ची वाट बघत बसावं लागत नाही, 10 तारखेला सकाळी फोन करता येतो. वाढीव वेळ मागितला तर कारण आणि नवी तारीख लेखी घ्या. फोनवर ठरलं, तरी त्याच संध्याकाळी तेच मेसेजवर टाका आणि "बरोबर ना?" असं विचारून त्याचं उत्तर घ्या.