दौंडला गाडी उलट फिरते तेव्हा

मिरजेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आमचा कट्टा आहे. गेल्या शनिवारी तिथे मी माझी गोष्ट वाचून दाखवली. सात पानांची गोष्ट. कोल्हापूरहून वर्ध्याला निघालेली आजी, सोबत साडेपाच वर्षांची नात चिमी. गाडी महाराष्ट्र एक्सप्रेस, महिना मे, साल २००५. आजोबा जाऊन तीन महिने झालेत. आजी कोल्हापूरचं घर बंद करून लेकीकडे कायमची राहायला चालली आहे. चिमीला एवढंच ठाऊक आहे की आजी आपल्या घरी येतेय. वाटभर ती प्रश्न विचारते, आणि एका प्रश्नाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. गोष्ट एवढीच.

वाचून संपताच बापू म्हणाला, "लेका, यातले निम्मे प्रश्न काढून टाक. म्हशीच्या पाठीवर बगळा दिसतो आणि पोरगी विचारते, म्हशीला गुदगुल्या होतात का. बरं, पुढे त्या म्हशीचं काय होतं? काहीच नाही. मग ती गोष्टीत कशाला?"

मी म्हणालो, "पुढे काही होत नाही म्हणूनच आहे. गोष्टीत अकरा प्रश्न आहेत. त्यातला एकच शेवटी परत येतो. सगळेच कामाचे ठेवले तर वाचणारा तिसऱ्या प्रश्नालाच ओळखेल की लेखक काहीतरी पेरतोय, आणि मग त्याला पोरीचा आवाज ऐकूच येणार नाही."

"म्हणजे दहा प्रश्न नुसते लपवायला?"

"लपवायला नाही रे. पोर तशीच बोलते म्हणून."

इथे सुमन मधे पडली. ती बावीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवते. आमच्यात मुलांचं बोलणं सर्वांत जास्त तिच्याच कानांवर पडतं. ती म्हणाली, "तुम्ही दोघंही 'असंबद्ध' म्हणताय, तो शब्द मोठ्यांचा आहे. झाँ पियाजे नावाचा स्विस मानसशास्त्रज्ञ होता. सहा-सात वर्षांच्या एका मुलाने साधारण दहा महिन्यांत रोजच्या गप्पांमधे विचारलेले १,१२५ प्रश्न त्याने तपासले, आणि १९२३ साली त्यावर लिहिलं. त्यातलं एक मला वर्गात रोज दिसतं. या वयाच्या मुलाला 'योगायोगाने झालं' हे उत्तर पटतच नाही. त्याचं 'का' म्हणजे कशामुळे आणि कशासाठी, दोन्ही एकदम. दगड घरंगळला, तर त्याला कुठेतरी जायचं असणार. पाऊस पडला, तर कुणासाठी तरी पडला असणार."

"मग?" बापू.

"मग हे की चिमीचे प्रश्न एकमेकांना जोडलेले नसतील, पण प्रत्येक प्रश्न त्या क्षणी समोर दिसलेल्या कशाला तरी घट्ट जोडलेला असतो. मी गोष्ट तपासेन तर एवढंच बघेन. प्रश्नाच्या आधी पोरीच्या डोळ्यांसमोर, कानांवर, अंगाखाली काय होतं? ते सापडलं तर प्रश्न खरा. नाही सापडलं तर तो लेखकाचा."

आणि तिने लगेच माझ्या चौथ्या पानावर बोट ठेवलं. तिथे चिमी विचारते, "आजी, माणूस मेला की कुठल्या स्टेशनावर उतरतो?" हे वाक्य सुचलं त्या रात्री मी आनंदाने उठून बसलो होतो. अख्ख्या गोष्टीत ते मला सर्वांत प्रिय होतं.

सुमन म्हणाली, "सांग, याच्या आधी तिला काय दिसलं?"

मी पान वर-खाली केलं. आधीच्या ओळीत आजी डबा उघडून दशम्या काढत होती.

"दशमी बघून पोर मरणाचं विचारत नाही. तुला आजोबांचं मरण आठवून द्यायचं होतं, म्हणून तू तिच्या तोंडी घातलंस. याच्या शेजारी तुझाच आदर्कीचा प्रश्न ठेवून बघ."

आदर्कीचा प्रश्न असा आहे. साताऱ्याच्या पुढे घाटात गाडी मोठं वळण घेते, आणि मागच्या डब्यात बसलेल्याला खिडकीतून आपलंच इंजिन आणि पुढचे डबे दिसतात. संध्याकाळची वेळ. चिमी म्हणते, "ती दुसरी गाडी कुणाची? त्यात पण आजी आहे का?"

"यात मरणाचा शब्दही नाही," सुमन म्हणाली, "पण 'दुसरी आजी' म्हटल्यावर तुझ्या आजीच्या मनात काय काय आलं असेल, ते मला न सांगता कळलं."

मी पेन काढून स्टेशनाचं वाक्य तिथेच खोडलं. जिवावर आलं, पण तिचं खरं होतं.

इतका वेळ अण्णा गप्प होते. अण्णा रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. त्यांचं लक्ष पाचव्या पानावर अडकलं होतं. गाडी मध्यरात्रीच्या सुमारास दौंडला येते, चिमीला अर्धवट जाग येते आणि ती विचारते, "आजी, आपण परत चाललो का?" गोष्टीचा कणा हा प्रश्न. पण मी तिथे लिहिलं होतं, 'इंजिन बदललं, धक्का बसला आणि गाडी निघाली.'

अण्णा म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. पण त्याच्या आधीचं तुम्ही बघितलेलं नाही. सुमनबाई म्हणतात ते अंगाखालचं, कानांवरचं, ते कुठाय?"

मी म्हणालो, "तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

"बघा. पुण्याकडून दौंडला आलेल्या गाडीला मनमाडकडे जायचं असतं, आणि तो मार्ग पुण्याच्याच बाजूने फुटतो. म्हणून इंजिन पुढून काढून मागे लावायचं. आता बाहेरून जोडमार्ग झालाय, त्यावरून जाणाऱ्या गाड्यांना फिरावं लागत नाही. पण २००५ ला फिरायची. आधी इंजिन सुटतं तेव्हा ब्रेकच्या पाइपातली हवा सुटते, फुस्स करून. मग सगळं शांत. डब्यातले दिवे-पंखे चालूच असतात, ते डब्यांच्या बॅटरीवर. फलाटावर चहावाल्यांचा आवाज. मग गार्ड खिडक्यांजवळून चालत जातो, कारण त्याची जागा आता दुसऱ्या टोकाला. शेपटाचा तांबडा दिवाही आता त्या टोकाला लागतो. मग बऱ्याच वेळाने धक्का. पण तो उलट्या बाजूने. मग पाइप जोडून हवा भरायची, गार्डाच्या डब्यातल्या काट्यावर दाब नीट आला की ब्रेक सुटलेले बघायचे, आणि मग निघायचं."

बापू म्हणाला, "अण्णा, हे सगळं गोष्टीत घातलं तर रेल्वेचं पुस्तक होईल."

"सगळं नको. दोनच गोष्टी सांगतो. तुमची आजी-नात मागच्या डब्यात आहेत ना? आदर्कीला इंजिन लांब दिसलं म्हणजे मागेच. तर मग दिवसभर त्यांना शिट्टी लांबून ऐकू आली असणार. दौंडनंतर तोच डबा इंजिनाजवळ येतो. शिट्टी एकदम कानाशी. आणि दुसरं, गाडी सुटली की थोडं अंतर ती खरोखरच आल्या दिशेने जाते. मग उजवीकडे वळून नगरच्या रस्त्याला लागते. म्हणजे पोरगी जे विचारते ते तेवढ्या वेळापुरतं खरं आहे. गाडी परतच चाललेली असते."

आम्ही तिघंही गप्प बसलो. मी हा प्रश्न पोरीचा गैरसमज म्हणून लिहिला होता. पोरीचं बरोबर होतं आणि मला, लिहिणाऱ्याला, ते माहीत नव्हतं. शिट्टी जवळ आली, पाठीकडची बाजू पुढची झाली, गाडी पुण्याच्या दिशेने निघाली. ज्या पोरीच्या मनात योगायोग नावाची वस्तू नाही, तिला वाटणारच की कुणालातरी परत जायचं आहे. आणि त्या डब्यात परत जावंसं वाटणारं माणूस एकच होतं.

मग भांडण लागलं ते आजीच्या उत्तरावरून. माझ्या गोष्टीत आजी तेव्हा काहीच बोलत नाही, नुसती चादर सारखी करते. उत्तर येतं सकाळी. जळगावच्या पुढे केळीच्या बागा लागलेल्या असतात, चिमी केळफुलाबद्दल विचारत असते, आणि आजी मधेच म्हणते, "नाही." बस, एवढंच.

बापूला हे मुळीच मान्य नव्हतं. "सहा-सात तासांनी एक शब्द! वाचणाऱ्याला वाटणार, केळफुलाला नाही म्हणाली. त्याला दौंड आठवायचं कसं? तिथल्या तिथे उत्तर दे. 'नाही गं, इंजिन फिरवलं,' म्हणू दे. खरंही आहे ते."

"इंजिन फिरवलं हे तिला सांगता आलं असतंच. पण तिला प्रश्न तिचा स्वतःचा वाटला, म्हणून तिला वेळ लागला."

"ते तुला ठाऊक. वाचणाऱ्याला कोण सांगणार?"

बापूची हरकत खरी होती, हे मी तेव्हाही कबूल केलं. दोन प्रसंगांच्या मधे दोन पानं आहेत आणि दुवा काहीच नाही. मी म्हटलं, घराची किल्ली आणतो, आजीच्या कमरेला. सुमन आणि बापू एकदमच "नको" म्हणाले. किल्ली शेकडो गोष्टींत येऊन गेली आहे.

दुवा सापडला तो अण्णांच्या बोलण्यात. ते सहज म्हणाले, "दौंडनंतर बाकावर बसलेला माणूस उलट्या तोंडाने प्रवास करतो. लहान पोरांना चालत नाही ते, ती उठून समोरच्या बाकावर जातात."

मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. कोल्हापूरपासून दोघी एकाच बाकावर, इंजिनाकडे तोंड करून बसलेल्या. सकाळी मनमाडला चिमी उठते आणि समोर जाऊन बसते, कारण तिला येणारं दिसायला हवं. तिथेच तिला वरच्या तारा दिसतात, आणि ती विचारते, "या दोऱ्या काल कुठे होत्या?" हा प्रश्न आधीपासून होता, आता त्याला जागा मिळाली. दौंड-मनमाड मार्गावर तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या, मनमाडच्या मुख्य मार्गावर होत्या, हे अण्णांनी पक्कं केलं. आजी मात्र आपल्या बाकावरून हलत नाही. तिला फक्त मागे जाणारं दिसत राहतं. केळीच्या बागा लागतात, चिमी केळफुलाचं विचारते. आजी उठते, दशम्यांचा डबा उचलते, नातीच्या बाजूला येऊन बसते, आणि म्हणते, "नाही."

सुमन म्हणाली, "आता कळतं."

बापू म्हणाला, "मला आता कळतं, कारण मी तासभर इथे बसलोय. नुसतं वाचणाऱ्याला कळेल याची खात्री मला अजून नाही. आणि त्या 'नाही'नंतर पोरगी काय करते? तू तिथेच थांबलायस. गप्प बसणारी पोर नाही ती."

हे मला सुचलं नव्हतं. मी सुमनकडे बघितलं. तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि 'नाही'च्या खाली लिहिलं :

"नाही काय? मी विचारलं, केळीला पाय असतात का?"

बापूने ते दोनदा वाचलं. म्हशीबद्दलची त्याची तक्रार तशीच आहे, पण ही ओळ त्याने राहू दे म्हटलं. चहावाल्याने तोवर बाकडी आत घेतली होती. अण्णा उठले आणि जाता जाता मला म्हणाले, "गार्ड दिवा घेऊन खिडकीवरून जातो, तेवढं एक वाक्य ठेवा."