दि

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या नोटिसा टाकायचं काम माझ्याकडे आहे, कारण एकदा मीटिंगमध्ये चुकून बोलून गेलो की मी हे ऑटोमॅटिक करतो. स्क्रिप्ट एआय मॉडेलला मुद्दे देणार, मॉडेल नोटीस लिहिणार, नोटीस थेट ग्रुपवर. वीकेंडचं काम, असं वाटलं होतं.

नोटीस साठ शब्दांत बसते म्हणून मी max_tokens, म्हणजे उत्तराच्या लांबीची मर्यादा, 60 ठेवली. पहिल्याच दिवशी ग्रुपवर गेलं:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की पाइपलाइन दुरुस्तीमुळे उद्या सकाळी पाणी येणार ना"

तेवढंच! "ही" मागेच राहिलं. लगेच तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, "अहो आम्हालाच काय विचारताय?" आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या बिल्डिंगने अंगाला साबण लावून नळाकडे बघितलं.

मग कळलं की टोकन म्हणजे शब्द नव्हे, शब्दाचा तुकडा, आणि देवनागरीत एका शब्दाचे सहज चारपाच तुकडे पडतात. त्यात हा आकडा मॉडेलला दिसतच नाही हो, ते आपलं निवांत लिहीत असतं, आकडा भरला की मागून कात्री बसते, मग शब्द अर्धा का असेना. एररही येत नाही, स्टेटस 200, सगळं आलबेल. फक्त उत्तरात एका कोपऱ्यात stop_reason, म्हणजे थांबण्याचं कारण, लिहिलेलं असतं, तिथे end_turn, म्हणजे लिहून झालं, याऐवजी max_tokens होतं, पण तिकडे बघतो कोण.

आकडा 800 केला तर नोटिशीखाली पाणी जपून वापरायच्या सात सूचना यायला लागल्या. म्हटलं एका वाक्यात थांबवू, पूर्णविराम दिसला की बस:

```
"max_tokens": 800,
"stop_sequences": ["."]
```

ग्रुपवर गेलं: "दि". फक्त "दि". कारण या वेळची नोटीस "दि. १२" अशी सुरू होत होती ना, पहिल्याच टिंबाला गाडी थांबली, आणि ज्या खुणेवर थांबतं ती खूणही उत्तरात येत नाही, म्हणून टिंबसुद्धा गायब. सेक्रेटरी काकांचा फोन, "दि म्हणजे कोण रे?" तरी बरं, तारीख नसती तर "श्री." होतंच पुढे उभं.

शेवटी प्रॉम्प्टमध्येच सांगितलं की नोटीस संपली की खाली ##संपलं## लिही, आणि थांबायची खूणही तीच दिली, मराठी नोटिशीत चुकूनही येणार नाही अशी. 800 तसेच ठेवले, पण आता ते फक्त मॉडेल भरकटलं तर बिल आवरायला. आणि stop_reason मध्ये stop_sequence नसेल तर स्क्रिप्ट नोटीस ग्रुपवर न टाकता मला पाठवते.

महिना झाला, एकही नोटीस तुटलेली नाही. तरी प्रत्येक नोटिशीखाली काकू न चुकता टाकतात, "पूर्ण आलीये ना?"